डिसेक्शन हॉलमधला पहिला दिवस

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचनाशास्त्र शिकण्याची खरी जागा म्हणजे डिसेक्शन हॉल. विद्यार्थ्यांच्या बोलीत तो ‘डी हॉल’ असतो. उंच छत, मोठ्या खिडक्या, भिंतीला लागून हाडांची कपाटे आणि मधोमध स्टीलची किंवा संगमरवरी टेबले, असे त्याचे साधारण रूप असते. प्रत्येक टेबलावर एक जतन केलेला मृतदेह आणि त्याच्याभोवती दहा-पंधरा विद्यार्थी. वर्षभर रोजचे दोन-एक तास इथे जातात आणि देहाचा एकेक भाग क्रमाने उलगडत जातो. बहुतेक महाविद्यालयांत सुरुवात छातीच्या वरच्या भागापासून आणि हातापासून होते.

पहिल्या दिवशी इथे अस्वस्थ होणे सर्रास घडते. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला मळमळते, एखादी मुलगी किंवा मुलगा चक्कर येऊन खाली बसतो, कुणाला काहीच होत नाही पण रात्री झोप लागत नाही. या सगळ्याला विद्यार्थी एकच नाव देतात, ‘भीती’, आणि लगेच पुढचा निष्कर्ष काढतात की आपण डॉक्टर होण्याच्या लायकीचे नाही. हा निष्कर्ष चुकीचा असतो. या अस्वस्थतेत निदान तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक हवेतल्या रसायनामुळे होते, दुसरी रक्तदाबामुळे आणि तिसरी समोरचा देह माणसाचा आहे या जाणिवेमुळे. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत, म्हणून त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

महाराष्ट्रातल्या एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या, लहान गावातून आलेल्या मुलीचा हा दिवस डोळ्यासमोर आणावा. तिने आजवर मृतदेह पाहिला आहे तो फक्त घरात, आजोबा गेले तेव्हा, आणि तोही लांबून. मयताला जाऊन आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचे नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. आता तिला दुपारी दोन ते चार मृतदेहाला हात लावायचा आहे आणि संध्याकाळी मेसमध्ये त्याच हातांनी पोळी मोडायची आहे. तिच्या पोटात उठलेला गोळा नुसत्या भित्रेपणाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली एक सीमा ओलांडायची आहे, त्याचा तो ताण आहे. ओकारी होईल या धास्तीने तिने दुपारी जेवणही टाळले आहे. ही चूक पहिल्या दिवशी असंख्य विद्यार्थी करतात आणि तिचा परिणाम पुढे दिसेल.

हॉलमध्ये पाऊल टाकताच सुरी हातात येत नाही. अनेक महाविद्यालयांत आधी शपथ होते. सगळे विद्यार्थी एप्रन घालून उभे राहतात आणि देहाचा आदर राखण्याची, त्याची थट्टा न करण्याची, छायाचित्र न काढण्याची ग्वाही देतात. 2019 पासून देशभर लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला गुरू’ या विषयावर स्वतंत्र पाठच आहे. शपथेआधी किंवा नंतर शिकवणाऱ्या मॅडम हे देह येतात कुठून तेही सांगतात. काही देह देहदानाचे असतात. माणसाने जिवंतपणी इच्छापत्र भरून ठेवलेले असते आणि मृत्यूनंतर नातेवाईक देह महाविद्यालयाच्या स्वाधीन करतात. काही बेवारस असतात. शोध घेऊनही कुणी ताबा मागायला आले नाही, तर 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याच्या आधारे ते शिक्षणासाठी मिळतात. टेबलावर नाव लिहिलेले नसते, फक्त क्रमांक असतो. हे ऐकल्यावर निम्म्या वर्गाच्या मनातली एक शंका मिटते. हा देह कुणाकडून हिसकावून आणलेला नाही, त्याच्या इथे असण्याला एक रीत आहे आणि त्याची नोंद आहे. शपथेचा हा फायदा भाषणाने साधत नाही, कारण मोठ्याने म्हटलेल्या शब्दांमुळे आपण इथे कोणत्या नात्याने उभे आहोत ते प्रत्येकाला ठरवून मिळते.

मग वास येतो. खरे तर तो दारातूनच आलेला असतो, पण टेबलावरचे ओले कापड बाजूला सारले की एकदम जोर धरतो. हा कुजण्याचा वास नाही, हे पहिल्यांदा समजून घ्यावे. तो फॉर्मालिनचा आहे. फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड हा वायू पाण्यात विरघळवून केलेले द्रावण. मृत्यूनंतर लवकरात लवकर मांडीची किंवा मानेची मोठी धमनी उघडून तिच्यातून फॉर्मालिन, ग्लिसरीन, फिनॉल, स्पिरिट आणि पाणी यांचे मिश्रण देहात सोडतात. प्रौढ माणसाच्या देहात ते साधारण दहा लिटरच्या आसपास जाते. जिवंतपणी रक्त ज्या वाटांनी फिरत होते त्याच वाटांनी ते कानाकोपऱ्यात पोचते. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी घट्ट जोडून टाकते, त्यामुळे पेशी जिथल्या तिथे थिजतात आणि जिवाणूंना त्यांवर जगता येत नाही. ग्लिसरीन देह फार ताठर होऊ देत नाही आणि फिनॉल बुरशी रोखते. नंतर देह फॉर्मालिनच्या टाकीत ठेवतात.

डोळ्यांतून पाणी येण्याचे कारण यातच आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात चटकन विरघळते, आणि डोळ्यांचा पृष्ठभाग व नाकाची आतली त्वचा कायम ओली असते. वायू तिथे विरघळतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची टोके डिवचतो. मिरचीची फोडणी उठली की जसा ठसका लागतो, तसाच हा प्रकार. भीतीचा त्याच्याशी काही संबंध नाही, कारण पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्याही डोळ्यांतून पाणी येते. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क शिंतोडे अडवतो, वायू अडवत नाही. मास्कला अत्तर किंवा बाम चोळण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण त्याने वास फक्त झाकला जातो. खरा उपयोग होतो तो खिडक्या उघड्या ठेवण्याचा, पंखे चालू ठेवण्याचा, टाकीतून काढलेला देह आधी निथळू देण्याचा आणि तोंड अगदी टेबलावर न नेण्याचा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हॉलमध्ये जाऊ नये. डोळे चुरचुरले तर हातमोज्याने चोळू नयेत, कारण हातमोज्यावर तेच द्रावण असते. बाहेर जाऊन स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि परत यावे. फॉर्माल्डिहाइडचा दीर्घकाळचा मोठा संपर्क कर्करोगाला कारण ठरू शकतो हे सिद्ध झाले आहे, तेव्हा हवा खेळती ठेवण्याची मागणी करणे हा विद्यार्थ्यांचा आणि तिथे रोज काम करणाऱ्या मामांचा हक्क आहे.

आता ती मुलगी टेबलाशी दुसऱ्या रांगेत उभी आहे. मॅडम छातीवरच्या खुणा दाखवत आहेत. वीस मिनिटे ती गुडघे ताठ करून, एकाच जागी, पुढच्या मुलाच्या खांद्यावरून वाकून पाहते आहे. पोट रिकामे आहे, खोली उकडते आहे. प्रथम तिला दोन-तीन जांभया येतात. मग तळहात आणि कपाळ घामाने ओलसर होते, पण घाम थंड असतो. मॅडमचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागतो, कानांत शिट्टी वाजते आणि नजरेच्या कडा काळवंडतात. शेजारची मैत्रीण वळून पाहते तर हिचे ओठ पांढरे पडलेले असतात.

ही चिन्हे ओळखता येणे फार मोलाचे आहे, कारण ती दिसल्यापासून माणूस कोसळेपर्यंत बऱ्याचदा अर्धे-एक मिनिट हातात असते. घडते ते असे. बराच वेळ स्थिर उभे राहिले की रक्त पायांच्या शिरांत साचते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते पिळून वर ढकलतात, पण ताठ उभ्या माणसात ते काम थांबलेले असते. त्यात मनावर ताण आला की काही जणांच्या शरीरात एक उलटी प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचे ठोके एकदम मंद करतो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि शुद्ध हरपते. माणूस आडवा झाला की मेंदू हृदयाच्याच पातळीवर येतो, रक्त पोचते आणि तो काही क्षणांत जागा होतो. यात मनाचा कमकुवतपणा मोजला जात नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या धट्ट्याकट्ट्या मुलांनाही हे होते.

धोका असतो तो पडण्याचा. टेबलाची कड, फरशी, हातातली सुरी यांमुळे होणारी जखम चक्करपेक्षा वाईट. म्हणून पहिला नियम असा की चिन्हे जाणवली तर हातातले हत्यार खाली ठेवायचे आणि लाज न धरता तिथेच फरशीवर बसायचे. दाराकडे धावत सुटणारे विद्यार्थीच बहुधा वाटेत पडतात. या मुलीला मॅडम हात धरून बाकावर आडवी करतात, मामा तिच्या पायांखाली स्टूल सरकवतात. दोन-तीन मिनिटांत ओठांवर रंग परततो. मामा पाण्याचा ग्लास देतात आणि विचारतात, “जेवलीस का गं, पोरी?” त्यांनी अशी पोरे दरवर्षी पाहिलेली असतात आणि हा प्रश्न ते सगळ्यांत आधी विचारतात.

ती पुन्हा उभी राहते तेव्हा मॅडम तिला एक गोष्ट शिकवतात. दोन्ही पाय एकमेकांत अडकवून मांड्या, नितंब आणि पोटाचे स्नायू जोरात आवळायचे, मुठी घट्ट करायच्या, दहा-पंधरा सेकंद तसेच धरायचे, मग अर्धा मिनिट सोडायचे आणि पुन्हा आवळायचे. आवळलेले स्नायू शिरांतले रक्त वर ढकलतात आणि घसरणारा रक्तदाब सावरतो. रक्त किंवा जखम पाहून ज्यांना भोवळ येते त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरान ऊस्ट यांनी 1980 च्या दशकात याच तत्त्वावर उपचारपद्धती बसवली. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. एरवी घाबरलेल्या माणसाला आपण अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे असे सांगतो. भोवळ येत असताना मात्र अंग सैल सोडणे अपायाचे असते, कारण दाब आणखी घसरतो. इथे अंग आवळायचे असते.

यानंतरचा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा. तिला वसतिगृहावर परत जायची मुभा आहे. ती गेली तर सुटकेचा निःश्वास टाकेल, पण मन तेवढेच लक्षात ठेवेल की हॉलमधून पळालो तेव्हा बरे वाटले, आणि उद्या दार आजच्यापेक्षा जड होईल. ती थांबली तर अस्वस्थता आधी थोडी चढेल, मग आपोआप उतरू लागेल, कारण शरीर घाबरण्याच्या शिखरावर फार वेळ राहू शकत नाही. ही उतरण माणसाने हॉलमध्ये असतानाच अनुभवली पाहिजे. मॅडम तिला पुढच्या रांगेत, स्टुलावर बसवतात आणि एक काम देतात. नुसते पाहत उभे राहणे ही डिसेक्शन हॉलमधली सर्वांत अवघड भूमिका आहे. हात रिकामे असले की डोळे भलतीकडे जातात.

काम साधे आहे. सुरी लावण्याआधी हाडांच्या खुणा बोटांनी शोधायच्या. गळ्याच्या तळाशी दोन हाडांमध्ये एक खळगा असतो. तो आधी स्वतःच्या गळ्यावर चाचपायचा, मग देहावर. तिथून खांद्याकडे जाणारे आडवे हाड, म्हणजे क्लॅव्हिकल, बोटाने माग काढत टोकापर्यंत जायचे. मग छातीच्या मधल्या हाडावरून खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथपर्यंत यायचे. हातमोजा घातलेले बोट देहाला पहिल्यांदा लागते तेव्हा ती दचकते. स्पर्श थंड असतो आणि अपेक्षेपेक्षा बराच कडक. फॉर्मालिनने त्वचा चामड्यासारखी झालेली असते. झोपलेल्या माणसाला हात लावल्यासारखे वाटेल ही तिची कल्पना इथेच गळून पडते, आणि पुष्कळांना त्याने हायसे वाटते.

छेद याच खुणांवरून जातात. एक गळ्याच्या खळग्यापासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मधोमध खाली, एक खळग्यापासून क्लॅव्हिकलवरून खांद्यापर्यंत आणि एक खालच्या टोकापासून बाजूला काखेच्या रेषेकडे. टेबलावरचा मुलगा पहिला छेद घेतो आणि तो फार उथळ पडतो, नुसता ओरखडा. जवळजवळ प्रत्येक टेबलावर असेच होते, कारण हात दचकलेला असतो. दुसऱ्या खेपेला तो घाईने जोर लावतो आणि सुरी खाली स्नायूपर्यंत जाते. ही पहिल्या दिवसाची नेहमीची चूक. इथली त्वचा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची असते. छेद बरोबर पडला की कडा विलग होतात आणि मधून पिवळी चरबी दिसते. पिवळ्याऐवजी तपकिरी धागे दिसले तर समजावे की सुरी खोल गेली. रक्त येत नाही. ज्या दृश्याची धास्ती सगळ्यांनी घेतलेली असते ते घडतच नाही, आणि टेबलाभोवतीचे खांदे एकाच वेळी सैल होतात.

त्वचा उलटवण्याची पाळी तिच्यावर येते. दातेरी चिमट्याने कोपरा उचलायचा, ताणून धरायचा आणि सुरीची धार त्वचेच्या आतल्या बाजूकडे वळवून हलके फटकारे मारायचे, म्हणजे चरबी खाली राहते आणि त्वचा सुटी होते. धार खाली वळली तर चरबीतून जाणारे दोऱ्यासारखे मज्जातंतू कापले जातात. ताण सैल पडला तर सुरी घसरते. चिमटा, ताण, धार यांच्या मेळात तिची वीस मिनिटे जातात. वास कधी जाणवेनासा झाला हे तिला कळत नाही. चरबी बाजूला करताना सुरी ठेवून ती कात्रीचे मिटलेले टोक आत घालते आणि उघडते. डिसेक्शनचे बरेचसे काम असे कापण्याऐवजी विलग करण्याचे असते. खाली पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू दिसू लागतो, पंख्याच्या आकाराचा, सगळे तंतू दंडाकडे गोळा होणारे. पुस्तकात तो लालभडक रंगवलेला असतो, इथे करडा-तपकिरी आहे. मॅडम सांगतात, “दोन्ही तळवे समोर जोडून दाब बघू, आणि दुसऱ्या कुणाला तरी तुझी छाती चाचपू दे.” मैत्रीण तिच्या काखेपुढची घट्ट झालेली कड बोटांत धरते. समोर टेबलावर आहे तोच स्नायू तिच्यात काम करतो आहे.

तेवढ्यात ओले कापड सरकते आणि देहाचा हात उघडा पडतो. कोपराच्या खाली, फिकट हिरव्या रंगात, मारुती गोंदलेला असतो. ती थबकते. अर्धा तास जे टेबलावरचे काम होते ते पुन्हा माणूस होते. कुठल्याशा जत्रेत, तरुणपणी, सुया सोसून त्याने ते काढून घेतले असणार. ही तिसरी अस्वस्थता, आणि ती पहिल्या दोघींसारखी घालवायची नसते. हात, नखे आणि चेहरा पाहून जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला असे होते, म्हणूनच पहिले काही महिने देहाचा चेहरा झाकून ठेवण्याची आणि ज्या भागावर काम नाही तो ओल्या कापडाखाली ठेवण्याची पद्धत आहे. देह वाळू नये हेही त्याचे एक कारण. मॅडम ते गोंदण झाकत नाहीत. गोंदणाचा रंग त्वचेच्या वरच्या, सतत झडणाऱ्या थरात राहत नसून खालच्या थरातल्या पेशींत अडकून बसतो, म्हणून तो जन्मभर टिकतो आणि फॉर्मालिननंतरही दिसतो, एवढे त्या सांगतात. मग त्या थोडे थांबतात आणि सगळ्यांना थांबू देतात. चांगला शिक्षक इथे ओळखू येतो. ‘हे फक्त एक शरीर आहे’ असे म्हणून विषय मिटवणे सोपे असते, पण पुढे वॉर्डातल्या रुग्णाकडेही तसेच पाहायची सवय त्यातून लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात, आणि त्या ठेवायला शिकायचे ते इथेच.

चार वाजता त्वचेची झडप पुन्हा जागेवर बसवून त्यावर ओले कापड घालतात. पात्याचे तुकडे वेगळ्या डब्यात जातात. सुटलेले ऊतीचे अंश गोळा करून त्याच देहासोबत ठेवतात, कारण अंत्यसंस्कार सगळ्याचा एकत्र व्हायचा असतो. हातमोजे उलटे काढायचे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, एप्रन वेगळ्या पिशवीत घालायचा. वास हाताला दोन-तीन तास येत राहतो आणि केसांना त्याहून जास्त. डिसेक्शननंतर प्रचंड भूक लागते असे विद्यार्थी कायम सांगतात, पण पहिल्या संध्याकाळी तसे न वाटणेही तितकेच स्वाभाविक. ती मुलगी अंघोळ करते, आईला फोन लावते, चक्कर आल्याचे सांगते, मारुतीचे सांगत नाही. मेसमध्ये भात खाते, पोळीला हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी ती जेवून जाते आणि मधूनमधून पायांवरचा भार बदलत उभी राहते. टेबलावर छाती आणि खांदा यांच्या खोबणीतून जाणारी एक शीर शोधायची असते. ती शोधण्यात तास जातो. बहुतेकांची अस्वस्थता दोन-तीन आठवड्यांत बरीच ओसरते. काहींची ओसरत नाही. रोज तीच स्वप्ने पडणे, हॉलच्या वेळेआधी जीव घाबरून तास चुकवणे, जेवण तुटणे असे महिनाभर चालले, किंवा घरात नुकताच कुणाचा मृत्यू झालेला असला, तर नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकांकडे जावे आणि गरज असेल तर मनोविकार विभागात. काही दिवस प्लॅस्टिनेशन केलेल्या, वास नसलेल्या नमुन्यांवर किंवा हाडांवर काम करून हळूहळू टेबलाकडे येण्याची सोय करता येते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. सरावलेल्या विद्यार्थ्यांनाही पुढे दोनदा पुन्हा तसेच वाटते, एकदा तळहात उघडताना आणि एकदा डोके-मानेच्या भागाला सुरुवात होऊन चेहऱ्यावरचे कापड निघते तेव्हा. तेव्हाही उपाय तोच असतो: खाऊन जाणे, बसून सुरुवात करणे, आधी बोटांनी हाडांच्या खुणा शोधणे आणि मग सुरी उचलणे.